वादी हजर

आटगावच्या भाविका फर्डेला वकील व्हायचं होतं, आणि वकिलीची पहिली पायरी म्हणजे नुसतं बसून राहणं, हे तिला आधी कुणी सांगितलं नव्हतं. कायद्याचं शेवटचं वर्ष, कॉलेज कल्याणला, आणि इंटर्नशिप शहापूरच्या संजीवनी पष्टे वकिलांकडे. आईला वाटायचं, पोरगी काळा कोट घालून तावातावाने बोलत असेल. पोरगी पांढऱ्या सलवार-कमीजात मागच्या बाकावर बसून डोळ्यांवरची झोप उडवत असायची. सनद नसलेल्या माणसाने कोर्टात तोंड उघडायचं नसतं. कान उघडे ठेवायचे, आणि लिहायचं.

संजीवनी मॅडम तशा मायाळू, पण घाईच्या. शहापूर आणि मुरबाड, दोन्हीकडे त्यांची कामं. एकाच दिवशी दोन्हीकडे तारखा पडल्या की त्या मुरबाड गाठायच्या आणि शहापूरला, जिथे नुसती पुढची तारीखच मिळणार आहे अशा कामांना, भाविकाला बसवायच्या. लिहायचं कसं तेही त्यांनी पहिल्याच दिवशी सांगून टाकलं होतं. कामाचा टप्पा काय, कोण हजर, काय झालं, हुकूम काय, पुढची तारीख कधी. "जे झालं ते लिही. तुला काय वाटलं ते लिहू नकोस. वाटण्याला कोर्टात किंमत नसते."

भाविकाने ते मनावर घेतलं. चांगली मुलगी होती ती, सांगितलं तेवढं नीट करणारी. घात झाला तो त्यामुळेच.

तिच्या वाट्याला आलेल्या कामांत एक निमश्यांचा दावा होता. खर्डीच्या पलीकडे, ओहोळाच्या कडेला निमश्यांचं सामाईक भातखाचर. चुलत्याने आपला हिस्सा धनेश शेठ नावाच्या माणसाला विकला. शेठला तिथे फार्महाऊसचे प्लॉट पाडायचे होते. विकत घेतला अर्धा हिस्सा, तोही वाटप न झालेला. पण शेठने मोजणीची दोरी धरली अख्ख्या खाचराला. तेव्हा धाऊ रामा निमसे यांनी वाटपाचा दावा लावला, आणि दाव्याचा निकाल लागेपर्यंत शेठने खाचरात भराव टाकू नये, असा तूर्तातूर्त मनाई हुकूम मिळवला. त्या एका कागदावर चार वर्षं खाचर तगून होतं.

वादीचा पुरावा आटोपला होता. आता प्रतिवादीने पुरावा द्यायचा, आणि प्रतिवादी काही केल्या द्यायला तयार नव्हता. कधी साक्षीदार आजारी, कधी वकील हायकोर्टात. दर तारखेला मुदतीचा अर्ज. त्यात न्यायाधीश साहेबही बदलून नवे आलेले.

बोर्डावर ढीगभर कामं असायची. शिपाई दारात उभा राहून एकामागून एक नावं पुकारायचा. "धाऊ रामा निमसेऽऽ" असा पुकारा झाला की बाकावरून एक माणूस उठायचा, टोपी काढून हातात घ्यायचा आणि म्हणायचा, "हाजीर." कारकून मान न उचलता रोजनाम्यात लिहायचा. भाविकाही लिहायची: वादी हजर. प्रतिवादीतर्फे मुदत अर्ज. मंजूर. मग तो माणूस तिच्याकडे बघून विचारायचा, "कवाची पडली गो?" ती तारीख सांगायची. "येतू मी," म्हणून तो निघायचा.

तिने त्याला धाऊकाका म्हणायला सुरुवात केली. तोही ओ द्यायचा. एकदा श्रावणात त्याने तिला पिशवीभर काकड्या आणून दिल्या. "बांधावरच्या हायत. खा. लिवून लिवून हात दुखत असतील." आणि मग पायऱ्यांवर बसून त्याने तिला खाचराबद्दल सांगितलं. वरच्या माळावरचं पाणी झिरपून तिथे येतं, पाऊस ओढला तरी ते खाचर सुकत नाही, बाकीचं पीक गेलं तरी घरच्या कण्या तिथूनच निघतात. "पण एकदा का त्याच्यावर मुरूम पडला ना बाय, मंग संपला. मुरूम काढता येतो, जमीन परत येत नाय."

त्याआधी, शिमगा होऊन गेल्यावरच्या तारखेला, तो आला होता तेव्हा त्याच्या डोक्याचा गोटा होता आणि मिशी उतरवलेली. टोपी काढली तशी कानामागची पांढरीफटक कातडी दिसली. भाविका काही विलायतेत वाढलेली नव्हती. घरात कुणी गेलं की दहाव्याला मुलगा केस देतो, हे आटगावच्या शेंबड्या पोरालाही कळतं. तिला वाटलं, काकांचे वडील गेले असतील. विचारावं असंही मनात आलं. पण तोवर पुढचा पुकारा झाला आणि ती लिहायला लागली. दिवसाच्या टिपणात तिने लिहिलं: वादी हजर.

दिवाळीची सुट्टी संपली तेव्हा मॅडमनी तिच्यासमोर निमश्यांची फाईल टाकली.

"शेठचा पुरावा यावेळी नक्की बंद करून घेऊ. मग युक्तिवाद लागेल. केसचा सारांश काढ, एका पानात. पक्षकार, वाद कशाचा, मुद्दे, पुरावा, सद्यस्थिती. कॉलेजच्या डायरीलाही होईल तुझ्या."

इतके महिने तिने काम बघितलं होतं, फाईल बघितली नव्हती. ती कायम मॅडमच्या बॅगेत. तिने हौसेने दावा उघडला. पहिल्या पानावर वादीचं नाव, आणि खाली: वय बहात्तर वर्षे, धंदा शेती.

ती तिथेच थांबली. टायपिंगची चूक असेल म्हणून तिने साक्ष काढली. साक्षीत धाऊ निमसे सांगत होते की माझी नजर अधू आहे, मला चालवत नाही, मला एक मुलगा पंढरी. खाली डाव्या अंगठ्याचा ठसा. बाकावर उठून उभा राहणारा माणूस फार तर पंचेचाळिशीचा होता, आणि त्याची परत आलेली मिशी काळीकुळकुळीत होती.

 शिमग्यानंतरचा तो गोटा तिच्या डोळ्यांसमोर आला, आणि कुणाचे वडील गेले होते ते तिला कळलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती खर्डीला उतरली आणि रिक्षाने निमश्यांच्या घरी गेली. अंगणात कोलमचं भात वाळत पडलं होतं आणि एक म्हातारी पायाने ते हलवत होती. कपाळ मोकळं. भाविकाने विचारलं, "आजी, धाऊकाका आहेत का?"

म्हातारीने तिच्याकडे नीट बघितलं. "कुठली गो तू? त्यांना जाऊन शिमग्याला वरीस व्हईल," ती म्हणाली आणि तिने आत पडवीकडे बोट केलं. भिंतीवर फोटो होता, फोटोला कागदी फुलांचा हार.

आतून पंढरी आला. भाविकाला बघून त्याचा चेहरा खुलला. त्याला वाटलं, कोर्टातली पोर भात बघायला आली. "अगो बस, बस. आये, चा ठेव."

"तुम्ही धाऊकाका नाही."

"नाय. मी पंढरी. धाऊ माझा बापूस."

"मग तुम्ही पुकाऱ्याला उभे का राहत होतात?"

पंढरीला प्रश्नच कळला नाही. "मंग कोन राहील? त्यांना उठवत नव्हता, तवा तेच बोलले, माझा पुकारा झाला का तू उभा राहा. चार-पाच तारखा ते खाटेवर असतानाच केल्या मी. कोन काय बोलला नाय. मंग ते गेले. दावा तर घराचा हाय ना? तो कुठं गेला?"

"मॅडमना का नाही सांगितलंत?"

"मॅडम भेटतेत कुठं? तू भेटतेस." त्याने हे सहज म्हटलं, टोचायला नाही; पण ते टोचलं. "आन लपवला काय हाय त्यात? तलाठ्याकडं दाखला दिला, वारस लावले. सातबाऱ्यावर माझा नाव लागला, आयेचा लागला. सरकारात नोंद झाली. कोर्ट काय सरकारभायेर हाय?"

त्याने आत जाऊन नवा सातबारा आणला आणि अभिमानाने तिच्या हातात दिला. धाऊ रामा निमसे या नावाला कंस पडला होता. खाली दोन नवी नावं. कागद खरा होता, शिक्का खरा होता, आणि कोर्टाच्या लेखी त्या कागदाचा काडीचा उपयोग नव्हता.

भाविका पायरीवर बसली. हे कसं सांगायचं तिला कळेना. वादी मेला की त्याच्या वारसांनी नव्वद दिवसांत कोर्टात अर्ज देऊन स्वतःला दाव्यात लावून घ्यायचं असतं. नाही लावलं तर दावा आपोआप संपतो, कुणी मारावा लागत नाही. त्यानंतरही साठ दिवसांची सवड असते, तीही केव्हाच उलटली होती. हे तिला पाठ होतं. याच प्रश्नावर तिला परीक्षेत चांगले मार्क पडले होते.

"काका, दावा मेला," ती म्हणाली. याहून सोपं तिला सुचलं नाही.

"बापूस मेला," पंढरी म्हणाला. "दावा कसा मरंल? दिवाळीआधी तारीख दिलीस ना तू?"

संध्याकाळी तिने मॅडमना सगळं सांगितलं. मॅडम टेबलावरचं पेपरवेट नुसतंच फिरवत राहिल्या. मग म्हणाल्या, "तू दर तारखेला लिहिलंस वादी हजर."

"तुम्ही म्हणालात, जे झालं ते लिही. पुकारा झाला, ते उभे राहिले."

"हो. मी म्हणाले." त्यांनी चष्मा काढला. "आणि एका फोनवर मी म्हाताऱ्याची खबर घेऊ शकले असते. तुझ्या टिपणात हजर वाचलं की मी पान उलटत होते. आता रडून काय होतंय? लिही."

रात्री घरी जायला उशीर झाला, पण अर्ज तयार झाला. वारस दाव्यात लावण्याचा, दावा संपल्याचा परिणाम रद्द करण्याचा, आणि झालेला उशीर माफ करण्याचा. दुसऱ्या दिवशी पंढरीने प्रतिज्ञापत्रावर सही केली, त्याच्या आईने, धोंडीबाईने, अंगठा दिला. कारण लिहिलं: अशिक्षितपणा, कायद्याचं अज्ञान, तलाठ्याकडची नोंद पुरेशी आहे असा प्रामाणिक समज. शब्द न् शब्द खरा होता. मॅडम म्हणाल्या, अशा अर्जांना कोर्ट शक्यतो नाही म्हणत नाही. भाविकाला जरा धीर आला.

पण शेठचा वकील काय झोपला होता? सातबारा मोबाईलवर बघायला आता कुणाला मुंबईला जावं लागत नाही. तारखेला मॅडम अर्ज घेऊन उभ्या राहिल्या, तर त्याची पुरसिस, म्हणजे लेखी निवेदन, आधीच टेबलावर: वादी मयत, वारस मुदतीत लावलेले नाहीत, सबब दावा संपुष्टात आला आहे. सोबत सातबारा, सोबत फेरफार, त्यात मृत्यूची तारीख. त्याला बोलायचीही गरज पडली नाही.

साहेबांनी रोजनामा चाळला. मग पंढरीला पुढे बोलावलं.

"मागच्या तारखांना वादी म्हणून कोण उभं राहत होतं?"

"मीच, साहेब."

"तुम्ही धाऊ निमसे आहात?"

"नाय साहेब. पण नाव बापसाचा पुकारतात, बापूस नाय, तर पोरगा उभा राहनार ना? मानूस गावाला नसला तर ग्रामसभेत पन आमी असाच बोलतो."

कुणीतरी मागे हसलं. साहेब हसले नाहीत. ते वाईट माणूस नव्हते, हे भाविकाला त्यांच्या आवाजावरून कळत होतं, आणि त्यामुळे तर सगळं आणखी वाईट वाटत होतं. "रोजनाम्याप्रमाणे," ते म्हणाले, "मयत माणूस या कोर्टात महिनोन्महिने हजर आहे. याचा खुलासा मला नीट तपासावा लागेल. प्रतिवादीने अर्जावर म्हणणं द्यावं."

"तोपर्यंत जागेची स्थिती जैसे थे ठेवावी, साहेब," मॅडम म्हणाल्या. "मनाई उठली तर भराव पडेल. मग अर्ज मंजूर होऊनही उपयोग नाही."

"मनाई दाव्यात होती. दावा आज जिवंत नाही. मी मनाई टांगू कशावर?"

मॅडम पुन्हा बोलल्या, निवाडे दाखवले, आवाज चढवला. साहेबांनी ऐकून घेतलं आणि हुकूम सांगितला. भाविकाने तो लिहिला. दावा वादीच्या मृत्यूमुळे संपुष्टात. तूर्तातूर्त मनाई संपुष्टात. अर्जावर म्हणण्यासाठी पुढील तारीख. तिचं अक्षर नेहमीसारखंच सुबक आलं होतं, आणि त्याचा तिला राग आला.

पंढरीने बाहेर येऊन विचारलं, "कवाची पडली गो?"

तिने तारीख सांगितली.

"तवर शेठ थांबेल ना?"

तिने वही मिटली. 

शेठ थांबला नाही. दोनच दिवसांत ओहोळाच्या वाटेने डंपर लागले. पंढरीने पोलिसांना बोलावलं. पोलीस आले, म्हणाले, कोर्टाचा हुकूम दाखवा. पंढरीने जुन्या मनाईची घडी पडलेली प्रत पुढे केली. शेठच्या माणसाने परवाचा हुकूम दाखवला. पोलिसांनी दोन्ही वाचले आणि पंढरीचा कागद त्याच्या हातात परत दिला. भाविका पोहोचली तेव्हा निम्म्याहून जास्त खाचर तांबडं झालं होतं. कापलेल्या भाताची धसकटं एका कडेला अजून दिसत होती, आणि जेसीबी ती कड सारखी करत होता. धोंडीबाई बांधावर बसली होती. ती रडत नव्हती, ओरडतही नव्हती. डंपर आला की ती पाय आखडून घ्यायची, तो गेला की पुन्हा सैल सोडायची.

भाविका तिच्याशेजारी जाऊन बसली. तिला म्हणायचं होतं, आजी, माझं चुकलं. मी त्या गोट्याकडे बघितलं होतं, एक शब्द विचारला असता तर शिमग्यातच हे सावरलं असतं. ते तिने म्हटलंही. म्हातारीने ऐकलं आणि तिच्या पाठीवर हात ठेवला. "तुझ्यावानी पोरीला कोन सांगनार, अमुक इचार म्हनून," ती म्हणाली. भाविकाला शिव्या चालल्या असत्या. हा हात तिला सोसवेना.

पुढची सारी कहाणी म्हणजे बैल गेला अन् झोपा केला. शेठच्या वकिलाने म्हणणं द्यायला दोन मुदती घेतल्या. मग युक्तिवाद झाले. मॅडम इतक्या पोटतिडकीने बोलल्या की बाकावरचे अशीलसुद्धा आपापलं काम विसरून ऐकत राहिले. आणि पुन्हा शिमगा जवळ आला तेव्हा साहेबांनी अर्ज मंजूर केला. खेड्यातल्या माणसाचं अज्ञान समजण्यासारखं आहे, फसवण्याचा हेतू दिसत नाही, विलंब माफ, दावा पुन्हा फाईलवर, वारस दाव्यात लावण्यात यावेत. मॅडमनी भाविकाचा हात दाबला. कायद्याने जे म्हणून करता येतं ते सगळं झालं होतं.

"आता मुरूम काढायचा हुकूम मागू," मॅडम म्हणाल्या, "दाव्यात दुरुस्ती करून." किती वर्षं लागतील ते भाविकाने विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही. शेठने तोवर प्लॉटांचे सिमेंटचे खांब रोवले होते.

त्यानंतरच्या तारखेला मॅडम मुरबाडला होत्या. भाविका नेहमीच्या जागी बसली होती. पंढरी आला आणि नेहमीच्या बाकावर बसला. आता तो पहाटेच पडघ्याच्या बाजूला एका गोदामात माल उतरवायला जायचा. आज खाडा करून आला होता. तिने मान हलवली, त्यानेही हलवली.

शिपाई दारात आला. नव्या फाईलवरचं नवं नाव त्याने खणखणीत वाचलं.

"पंढरी धाऊ निमसेऽऽ"

पंढरी उठला नाही.

शिपायाने दुसऱ्यांदा पुकारलं. त्याला ऐकू येत होतं, हे भाविकाला दिसत होतं. टोपी त्याच्या मांडीवर होती आणि तो तिच्याकडेच बघत होता, अगदी शांतपणे. ती अर्धी उठली, हाताने खूण केली, उठा, काका, आता तुमचंच नाव आहे. त्याने नकारार्थी मान हलवली.

तिसरा पुकारा झाला. कारकुनाने मान न उचलता लिहिलं. प्रतिवादीच्या वकिलाने मुदत मागितली, साहेबांनी दिली, आणि शिपायाने पुढचं नाव घेतलं.

बाहेर व्हरांड्यात तिने त्याला गाठलं. "काका, तुम्ही उभे का नाही राहिलात? रोजनाम्यात गैरहजर लागलं."

"बापसाच्या नावाला उभा राहत व्हतो तवा खाचर व्हता," पंढरी म्हणाला. "माझ्या नावाला काय हाय?" त्याने टोपी डोक्यावर घातली. पुढची तारीख त्याने विचारली नाही.

संध्याकाळी ती केसचा सारांश पुरा करायला बसली. पक्षकार, वाद, मुद्दे, पुरावा सगळं एका पानात बसलं. राहिली फक्त सद्यस्थिती. मग तिने लिहिलं: दावा चालू आहे. वादी कोर्टात बसलेले होते, पुकारा ऐकूनही उठले नाहीत. वादमिळकतीवर आता भात होत नाही.

मॅडमनी रात्री वाचलं, शेवटची दोन वाक्यं खोडली आणि खाली सही केली.